माफीचा मेल आणि खोडलेले शब्द

आज एका क्लायंटला माल चार दिवस उशिरा जाणार हे कळवायचं होतं, आणि पहिला ड्राफ्ट झाला तो असा, "आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आम्ही सदैव ऋणी असून काही अपरिहार्य कारणास्तव झालेल्या विलंबाबद्दल अंतःकरणपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो." मोठ्याने वाचलं आणि जाणवलं की असं मी फोनवर कुणालाच म्हणणार नाही, आणि मुख्य म्हणजे माल कधी येणार हेच त्यात नाही!

मग एकेक शब्द झाकून बघत गेले, हा नसेल तर समोरच्याचं काही अडतं का? 'बहुमोल', 'सदैव', 'अंतःकरणपूर्वक' गेले, काहीच अडलं नाही. 'अपरिहार्य कारणास्तव'पाशी मात्र बराच वेळ थांबले, कारण त्याच्या आड आमची चूक लपली होती, ऑर्डर छपाईला आम्हीच उशिरा पाठवली होती. 'झालेल्या विलंबाबद्दल'मध्येपण तेच, उशीर केला कुणी ते कळतच नाही.

शेवटी राहिलं ते एवढं:

"नमस्कार, तुमची पाकिटं सोमवारऐवजी शुक्रवारी मिळतील. ऑर्डर छपाईला पाठवायला आमच्याकडून उशीर झाला, त्याबद्दल माफ करा. निम्मी बुधवारी पाठवता येतील, हवी असतील तर आज संध्याकाळपर्यंत कळवा."

'नमस्कार' आधी काढलं होतं, पण मग मेल एकदम तुटक, रागात लिहिल्यासारखा वाटायला लागला म्हणून परत घातलं. 'माफ करा' एकदाच ठेवलं, दोनदा लिहिलं की ते विनवणीसारखं वाटतं.

तासाभरात उत्तर आलं, "बुधवारी निम्मी चालतील, स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं."