मे महिन्यातला नवव्या मजल्याचा स्लॅब

नाशिकच्या मखमलाबाद रस्त्यावरच्या या साइटवर मी रुजू झालो तेव्हा आठव्या मजल्याचा स्लॅब नुकताच भरून झाला होता. आरएमसीच्या, म्हणजे प्लांटमधून तयार काँक्रीट आणणाऱ्या, गाड्या उशिरा आल्यामुळे तो ऐन दुपारी संपवावा लागला होता. वर गेलो तर स्लॅबभर तिरक्या, एकमेकींना जवळजवळ समांतर अशा भेगा. हातभर लांब, मध्येच उगवणाऱ्या आणि मध्येच संपणाऱ्या. मुकादमांचं म्हणणं होतं, "पाणी कमी मारलं असंल." पण त्या भेगा पाणी मारायला सुरुवात होण्याआधीच पडलेल्या होत्या. गुरमाळा फिरवून झाल्यावर तासाभरातच त्या दिसू लागल्या, असं मिस्त्रीच सांगत होता. खालच्या सळीच्या रेषेत भेग गेली असती तर काँक्रीट सळीवर बसल्याची शंका घ्यावी लागते. इथे तसं काही नव्हतं. ही वरची कातडी वाळून आखडल्याची भेग होती. त्या नंतर पातळ इपॉक्सी सोडून भरून घेतल्या, तो खर्च वेगळाच.

ताजं काँक्रीट ओतलं की थोडं पाणी आपोआप वर येतं आणि पृष्ठभाग चकाकतो. वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारं पाणी जास्त झालं की ती चकाकी जाते, वरचा थर आखडतो, आणि त्याच्यात अजून ताकद नसल्यामुळे तो फाटतो. साधारण ठोकताळा असा की दर चौरस मीटरमागे तासाला एक किलो पाणी उडू लागलं की सावध व्हायचं. हा आकडा चार गोष्टींवर ठरतो : काँक्रीटचं तापमान, हवेचं तापमान, हवेतला दमटपणा आणि वारा. सूत्र एक्सेलमध्ये टाकून ठेवलं की रोजचे आकडे भरायला दोन मिनिटं पुरतात.

आठव्या स्लॅबच्या दुपारचे आकडे मी घालून पाहिले. हवा ३८ अंश, काँक्रीट ३४, दमटपणा २० टक्के, वारा ताशी २० किलोमीटर. उत्तर आलं सुमारे १.८ किलो. मग बाकी सगळं तसंच ठेवून फक्त वारा २० वरून ८ केला. उत्तर ०.९ वर आलं. नाशिकच्या उन्हाळ्यात सगळे उन्हाला शिव्या घालतात, पण नवव्या मजल्यावर अर्धा कारभार वाऱ्याचा असतो. खाली रस्त्यावर पान हलत नसतं आणि वर हेल्मेट उडून जातं.

नवव्या स्लॅबची तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यात येत होती. ठेकेदाराचा आग्रह होता की संध्याकाळी पाचला सुरू करू, ऊन उतरलेलं असतं, पोरंही खुशीत काम करतात. एरवी हे ठीक. पण मे महिन्यात आपल्याकडे दुपार कलली की वळवाचं आभाळ जमतं, आणि हवामान खात्याच्या जिल्ह्याच्या अंदाजात त्या आठवड्यात मेघगर्जना आणि ताशी ३० ते ४० किलोमीटरचे झोत लिहिलेलेच होते. संध्याकाळी पाचला ओतलेलं काँक्रीट सात वाजता वळवाच्या तोंडी देणं म्हणजे उन्हातून सोडवून पावसात ढकलणं. मी पहाटे चारची वेळ धरली. "भाऊ, अकराच्या आत शेवटची गाडी रिकामी झाली पाहिजे, पुढचं मी बघतो," असं सांगितल्यावर ते कुरकुरत तयार झाले. शेजारी मोकळे प्लॉट आणि द्राक्षबाग असल्यामुळे पहाटेच्या आवाजाची तक्रार येणार नव्हती. वस्तीत ही वेळ मिळत नाही, हेही खरं.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री मात्र पावसाने गाठलंच. फार नाही, पंधरा-वीस मिनिटांची सर. सकाळी वर जाऊन पाहिलं तर बीमच्या तळाशी बोटभर पाणी आणि त्यात माती बसलेली. प्लेटांना लावलेलं तेल जागोजागी धुऊन निघालेलं. ठेकेदार म्हणाले, पंप लावून पाणी काढू आणि दोन तासांत सुरू करू. मी नकार दिला. बीमच्या तळाचा गाळ म्हणजे सळीच्या खालच्या कव्हरमध्ये मातीचा थर, आणि तो सेंट्रिंग उघडेपर्यंत दिसत नाही. त्या दिवशी बीमच्या खालच्या बाजूच्या फळ्या एकेका ठिकाणी उघडून पाणी सोडलं, कंप्रेसरने हवा मारून गाळ काढला. प्लेटांना तेल मात्र परत फासू दिलं नाही, कारण सळ्या बांधून झाल्यावर ते सळ्यांना लागतं आणि काँक्रीटची पकड जाते. आरएमसी प्लांटला फोन करून खडी आणि वाळूचा ओलावा पुन्हा मोजायला सांगितला. भिजलेल्या वाळूचं पाणी हिशेबातून वजा केलं नाही तर गाडी पातळ येते. साइट डायरीत पावसाची वेळ, काय थांबलं, किती माणसं बसून राहिली हे लिहून सल्लागारांची सही घेतली. मुदतवाढ मागताना "पाऊस होता" एवढं तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पहिली गाडी लागली. हवा २४ अंश, काँक्रीट २९, वारा नावाला. आकडा अर्ध्या किलोच्याही खाली. साडेतीनशे चौरस मीटरचा स्लॅब, बीम धरून साधारण ७५ घनमीटर माल, म्हणजे सहा घनमीटरच्या तेरा गाड्या. काँक्रीट पंपाने वर जात होतं, त्यामुळे क्रेनवर अवलंबून नव्हतो, आणि हे मी मुद्दाम ठरवलं होतं. बकेटने ओतताना वाऱ्याने क्रेन थांबली तर स्लॅब नको त्या जागी अर्धवट राहतो.

तरी अर्धवट थांबण्याची वेळ आलीच तर कुठे थांबायचं, ते आदल्या दिवशीच स्ट्रक्चरल इंजिनिअरना विचारून खडूने आखून ठेवलं होतं. जिथे कातर बल कमी तिथे, फळी उभी लावून सरळ कड सोडायची. माल संपला तिथे उतरता ढीग सोडून जायचं नाही.

पश्चिमेच्या कडेला माणसापेक्षा उंच हिरवी जाळी दुहेरी बांधली होती. आणि एक गोष्ट शेजारच्या द्राक्षबागेकडे बघून सुचली : पाठीवरचा फवारणी पंप. अर्थात कोरा आणला, औषध मारलेला पंप काँक्रीटजवळ नको. नोझल बारीक करून तोंड वर, हवेत. धुकं पडलं पाहिजे, थेंब नाही. मिस्त्री लोकांना हे समजावायला थोडा वेळ लागला, कारण पृष्ठभाग सुकतोय म्हटलं की त्यांचा हात आपसूक मग्गाकडे जातो आणि ते पाणी शिंपून गुरमाळा फिरवतात. त्याने वरचा थर पातळ होतो आणि पुढे त्याची धूळ निघते. साडेदहाला हवा ३४ वर गेली, दमटपणा २५ टक्के, वारा १२. आकडा ०.९५. म्हणजे शेवटचा पट्टा अगदी कडेवर होता. तिथे गुरमाळ्यामागोमाग फवारा चालू ठेवला आणि लगेच प्लास्टिक अंथरलं. एका गाडीचा माल घट्ट आला तेव्हा ड्रायव्हर पाणी घालायला पाईप घेऊन उभाच होता. त्याला थांबवलं, प्लांटच्या माणसाने मिश्रक घालून ड्रम फिरवला आणि स्लंप, म्हणजे माल किती पातळ आहे ते, पुन्हा मोजला.

अकराच्या सुमारास स्लॅब संपला. दुपारी क्रेनने आठव्या मजल्यावरचे सुटे झालेले भिंतीचे शटरिंग पॅनल खाली उतरवायचे होते. आमच्या क्रेनच्या मॅन्युअलमध्ये चालू कामाची मर्यादा ताशी ७२ किलोमीटर आहे. त्या आकड्यावर विसंबून पॅनल उचलू नयेत, कारण क्रेन उभी राहील, पण पॅनलचं शीड होतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. अडीच बाय तीन मीटरच्या पॅनलवर ताशी ३६ किलोमीटरला सुमारे ४५ किलोंचा धक्का बसतो आणि ५४ किलोमीटरला शंभराच्या पुढे. दोरी धरलेल्या दोन माणसांच्या हातात ते राहत नाही. म्हणून साइटची स्वतःची मर्यादा ठेवली होती : पॅनलला ३६, सळीच्या बंडलला ५०, आणि तीही क्रेनच्या माथ्यावरच्या वारामापकावर, झोताच्या आकड्यावर. मोबाईलवरचा अंदाज जमिनीपासून दहा मीटर उंचीचा असतो. आमच्या क्रेनचा आडवा हात, म्हणजे जिब, त्याच्या कितीतरी वर.

साडेचारला आभाळ काळवंडलं. केबिनमधून ऑपरेटरचा वॉकीटॉकीवर आवाज आला, "साहेब, अठ्ठावीस दाखवतंय, पण झोत मधूनच चौतीसला जातोय. एकच पॅनल राहिलंय, घेऊ का?" वळवात आधी वारा येतो आणि मग पाऊस, आणि तो वारा एका मिनिटात दुप्पट होतो. मी नाही म्हटलं. हुक रिकामा करून वर घेतला, जिबवरची ट्रॉली आत मास्टजवळ, म्हणजे क्रेनच्या उभ्या खांबाजवळ आणली, आणि जिबचं फिरणं रोखणारा स्ल्यूइंग ब्रेक सोडला. या शेवटच्या गोष्टीवर नवीन माणसं नेहमी अडतात. त्यांना वाटतं वादळात ब्रेक घट्ट हवा. उलट जिबला वाऱ्याबरोबर फिरू द्यायचं असतं. अडकवून ठेवला तर आडवा वारा पूर्ण जोराने मास्टवर येतो. ऑपरेटर खाली उतरला, आणि पाच मिनिटांत वारामापकावर ५८ लागले. राहिलेलं पॅनल आठव्या मजल्यावर बांधून ठेवलेलं होतं.

पाऊस पाचला आला. पहाटे ओतलेल्या भागाची काळजी नव्हती, तो घट्ट झाला होता आणि त्याला पाणी हवंच होतं. शेवटच्या पट्ट्यात मात्र काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं म्हणून घातलेलं रिटार्डर असल्यामुळे अंगठा दाबला की अजून ठसा उमटत होता. तिथलं प्लास्टिक आधीच अंथरलेलं होतं. त्याच्या कडांवर सळ्यांचे तुकडे ठेवले, पाणी साचू नये म्हणून एका बाजूने उतार दिला. कडेला हातभर जागी प्लास्टिक उडालं आणि थेंबांचे खड्डे पडले. मिस्त्री कोरडं सिमेंट भुरभुरायला निघाला होता, त्याला अडवलं. तो थर नंतर पापुद्र्यासारखा सुटतो. सकाळी ती जागा घासून पाहिली, खडी उघडी पडली नव्हती.

पावसानंतरची खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली. मुकादम म्हणाले, "काल देवानं पाणी मारलं, आज सुट्टी द्या." दुपारी बारापर्यंत स्लॅब पांढरा पडला होता. आमच्या सिमेंटमध्ये फ्लाय ॲश आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा सिमेंटला किमान १० दिवस ओलावा लागतो, आणि शिफारस १४ दिवसांची आहे. वाळू-सिमेंटची आळी बांधून पाच सेंटिमीटर पाणी साठवलं. साडेतीनशे चौरस मीटरला ते साडेसतरा हजार लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर, आणि वर रोजची भर. पैसे वाचवायला नुसतं पाईपने दिवसातून तीनदा मारू, असा प्रस्ताव आला होता. पण ओलं-कोरडं-ओलं असं केलं की मधल्या वेळेत पुन्हा वरचा थर आखडतो. कॉलमला गोणपाट गुंडाळून बाहेरून प्लास्टिक बांधलं, म्हणजे गोणपाट दुपारी कडक होत नाही.

स्लॅबवर एकही भेग नव्हती. ताकद तपासायला भरलेल्या क्यूबचा सात दिवसांचा निकाल आल्यावर ठेकेदारांनी टेकू काढायची घाई केली. पण गाळे साडेचार मीटरपेक्षा मोठे होते, त्यामुळे १४ दिवसांशिवाय टेकू हलवायचे नाहीत असं सांगितलं. आळ्यांमधलं पाणीही तेवढेच दिवस ठेवलं. दहाव्या स्लॅबची तारीख त्यामुळे चार दिवस पुढे गेली, आणि त्यासाठी पहाटेचीच वेळ आरएमसी प्लांटला आधीच लिहून दिली आहे.