पाडव्याच्या आदल्या दिवशीचा चक्का

दादरच्या आमच्या स्वयंपाकघरात पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी सहा किलो चक्का आला. दुसऱ्या दिवशी दहा किलो श्रीखंड द्यायचं होतं, आणि हाताखालच्या सुमनताईंनी साखर आधीच मोजून ठेवली होती.

चक्का दिसायला झकास. पण ताटात गोळा ठेवला, ताट जरा कलतं केलं, तर गोळ्याखालून पिवळसर पाण्याची रेघ धावली. दुमडलेल्या कोरड्या फडक्यावर चमचाभर ठेवला, तर भोवती ओलं वर्तुळ. म्हणजे पाणी पुरतं निथळलंच नव्हतं.

"साखर घालून बघूया का? फ्रीजमध्ये घट्ट होईल," सुमनताई म्हणाल्या. नेमकं तेच करायचं नसतं. साखर विरघळते ती चक्क्यातल्याच पाण्यात, त्यामुळे घट्ट चक्कासुद्धा साखर पडली की सैल होतो. ओल्याचं तर सरळ पन्हं. मग पुन्हा टांगलं, तर पाण्याबरोबर साखरही गळते. पाणी काढायचं ते साखरेच्या आधीच.

दही लावण्यापासून सुरुवात असेल तर सात-आठ तास टांगणं पुरतं. पण मुंबईच्या उकाड्यात बाहेर टांगलेलं दही निथळता निथळता आंबटही होतं. म्हणून मी चक्का दुहेरी मलमलीत बांधला, चाळणीत ठेवला, खाली पातेलं, वर वरवंटा, आणि सगळं फ्रीजमध्ये. रात्री सोडला तेव्हा सव्वापाच किलो भरला. पाऊण किलो पाणीच होतं!

साखर मग नव्या वजनावर मोजली. आम्ही किलोला आठशे ग्रॅम घालतो, म्हणजे चार किलो दोनशे. आधी मोजलेली होती चार किलो आठशे. घरोघरी बरोबरीने घालतात, तेही चालतं, पण चक्का खडखडीत असेल तरच. आणि दही आंबट निघालं तर जास्त साखरेचा मोह होतो, तिथेच श्रीखंड पातळ होतं.

साखर कालवून तासभर झाकून ठेवलं. चिमूटभर बोटांत चोळून पाहिलं. कचकच लागली, पण जिभेवर विरघळली. ती साखर, अजून थोडा वेळ द्यायचा. मऊ गुठळी चोळली तरी उरते, ती दह्याची, आणि ती वेळेने जात नाही. तिला पुरणयंत्रच हवं. मिक्सर लावला तर क्षणात गुळगुळीत होतं, पण सैलही. दोघींनी मिळून सगळं पुरणयंत्रातून काढलं. खांदे भरून आले.

केशर, वेलची घालून साडेनऊ किलो भरलं. गिऱ्हाइकाला रात्रीच फोन केला.

"अहो ताई, थोडं दूध घालून वाढवा की," ते म्हणाले.

मी अर्ध्या किलोचे पैसे कमी केले.