पिन न विचारणारं डेबिट कार्ड

न्यू जर्सीतल्या एका किराणा दुकानाची तक्रार आली, ती कॅशबॅकची. एरवी तिथे डेबिट कार्ड घातलं की मशीन पिन मागायचं आणि वर रोख रक्कम हवी का, असंही विचारायचं. सॉफ्टवेअर अपडेटनंतर दोन्ही प्रश्न बंद झाले. पैसे मात्र रोज खात्यात जमा होत होते, त्यामुळे मालकांच्या लेखी ही किरकोळ गैरसोय होती. मी आधी पावत्यांचे फोटो मागवले. बहुतेकांवर हे छापलेलं होतं:

```
VISA DEBIT
AID: A0000000031010
```

अपडेटच्या आधीच्या पावत्यांवर हे होतं:

```
US DEBIT
AID: A0000000980840
```

अमेरिकेतल्या डेबिट कार्डाला दोन वाटा असतात. एक व्हिसा किंवा मास्टरकार्डची, जिला तिथे अजूनही ‘सिग्नेचर डेबिट’ म्हणतात. दुसरी स्टार, पल्स, एनवायसीई, शाझाम यांसारख्या पिन नेटवर्कची. पैसे ग्राहकाच्या त्याच खात्यातून जातात, पण शुल्क आणि नियम वाटेप्रमाणे बदलतात. २०१० च्या डर्बिन दुरुस्तीवर आधारलेल्या नियमाप्रमाणे प्रत्येक डेबिट कार्डावर एकमेकांशी संबंध नसलेली किमान दोन नेटवर्क असावीच लागतात आणि त्यातलं कोणतं वापरायचं, हे दुकानदार ठरवू शकतो. भारतात कार्ड रुपेचं असो वा व्हिसाचं, दुकानदारापुढे अशी निवड येत नाही. म्हणून इकडून तिकडे गेलेल्या दुकानदारांना आपल्याला हा हक्क आहे याचाच पत्ता नसतो.

ही निवड प्रत्यक्षात चिपवर होते. व्हिसा डेबिट कार्डाच्या चिपमध्ये सहसा दोन ॲप्लिकेशन असतात; पावतीवरचा AID हा त्यांचाच क्रमांक. `A0000000031010` हे व्हिसाचं जागतिक ॲप्लिकेशन. ते निवडलं की व्यवहार व्हिसाच्याच जाळ्यात राहतो. `A0000000980840` हे अमेरिकेपुरतं सामायिक ॲप्लिकेशन. त्यातून व्यवहार व्हिसाकडेही जाऊ शकतो आणि पिन नेटवर्ककडेही. कार्ड आत गेल्यावर मशीन दोघांची यादी करतं. बँकेने प्राधान्य बहुधा जागतिक ॲप्लिकेशनला दिलेलं असतं, त्यामुळे वेगळी सूचना नसेल तर तेच निवडलं जातं. सूचना अशी असावी लागते: दोन्ही ॲप्लिकेशनची बँक अमेरिकेतली आणि खातं तेच असेल, तर जागतिक नाव यादीतून काढून टाक. हे ओळखायला मशीन चिपवरचे टॅग `5F55` (देश) आणि `42` (बँकेचा क्रमांक) वाचतं. अपडेटने नेमकी हीच सेटिंग मूळपदावर नेली होती.

यात दुकानाचं नुकसान किती? १० अब्ज डॉलरहून अधिक मालमत्ता असलेल्या बँकांच्या कार्डांना इंटरचेंजची, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेला दुकानाकडून मिळणाऱ्या शुल्काची, कमाल मर्यादा आहे: २१ सेंट, अधिक रकमेच्या ०.०५ टक्के, अधिक फसवणूक-प्रतिबंधाचा १ सेंट. ५० डॉलरच्या बिलावर हे साडेचोवीस सेंट होतात, आणि ही मर्यादा दोन्ही वाटांना सारखीच लागू. तिथे फरक उरतो तो नेटवर्कच्या स्वतःच्या फीचा. खरा फरक पडतो छोट्या बँका आणि क्रेडिट युनियन नावाच्या सहकारी पतसंस्थांच्या कार्डांवर, कारण त्यांना ही मर्यादा नाही, मात्र दोन नेटवर्कचा नियम आहे. या दुकानात स्थानिक क्रेडिट युनियनची कार्डं खूप यायची. शिवाय त्यांचा करार इंटरचेंज-प्लस पद्धतीचा होता, म्हणजे मूळ खर्च जसा येईल तसा दुकानाला लागायचा. सरसकट एकच टक्का घेणारा करार असता, तर स्वस्त, म्हणजे पिनच्या, वाटेचा फायदा दुकानाचे कार्डव्यवहार हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या खिशात गेला असता. रूटिंगचा, म्हणजे वाट निवडण्याचा, विषय काढण्याआधी करार पाहावा, असं मी म्हणते ते यासाठीच.

पिनची वाट प्रत्येक धंद्याला सोयीची नसते. तिथे मंजुरी आणि अंतिम रक्कम बहुधा एकाच संदेशात जाते. रेस्टॉरंटमध्ये कार्ड परत दिल्यावर ग्राहक टिप लिहितो, त्या रकमेला त्या संदेशात जागाच उरलेली नसते. व्हिसा-मास्टरकार्डच्या वाटेवर मंजुरी आधी आणि हिशेब नंतर होतो, म्हणून टिप नंतर जोडता येते. किराण्यात रक्कम जागीच पक्की असते, त्यामुळे इथे ही अडचण नव्हती.

सेटिंग पुन्हा चढवल्यावर काउंटरवर `US DEBIT` छापलं जाऊ लागलं, पिन आणि कॅशबॅकही परत आले. एक काउंटर तेवढा राहिला. त्याच्या पावतीवर `US DEBIT` होतं, पण पिन तपासल्याची ओळ नव्हती. म्हणजे ॲप्लिकेशन बरोबर निवडलं जात होतं आणि अडचण पुढे होती: नुकत्याच बदललेल्या त्या पिनपॅडमध्ये पिन एन्क्रिप्ट करणारी की, म्हणजे सांकेतिक किल्ली, भरलेलीच नव्हती. की नसेल तर मशीन ऑनलाइन पिन मागू शकत नाही आणि चिपच्या यादीतल्या पुढच्या पर्यायावर, सहीवर किंवा विनापडताळणीवर, जातं. अशा व्यवहारांपैकी काही पिन नेटवर्क पिनशिवायही घेतं, बाकीचे व्हिसाकडे वळतात. ती की दुकानात बसून टाइप करता येत नाही. पिनपॅड परत पाठवून की भरलेला दुसरा मागवावा लागला.