आमची वाटचाल : घरचे पैसे कंपनीत

सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचं शेड आहे. हळद पॉलिश करायचे ड्रम आणि छोट्या गिरण्या आम्ही बनवतो. 2011 ते 2020 आमची भागीदारी फर्म होती, भागीदार दोघंच, मी आणि यजमान. 2020 साली प्रायव्हेट लिमिटेड झालो. दारावरची पाटी बदलली, लेटरहेड बदललं, बँकेत नवं खातं उघडलं. हिशेब लिहायची सवय तेवढी जुनीच राहिली, आणि ती आम्हाला तीन वर्षांनी भोवली.

फर्ममध्ये असताना पैशाची तंगी आली की आम्ही घरातले पैसे टाकायचो. ते भांडवल खात्यात जमा व्हायचे आणि वर्षअखेरीला त्यावर 12 टक्के सरळ व्याज धरलं जायचं. भागीदारीपत्रात तसं लिहिलेलं होतं, आणि आयकरात फर्मला खर्च म्हणून मिळणारी मर्यादाही तेवढीच. टीडीएसचा प्रश्नच नव्हता, कारण फर्मने भागीदाराला दिलेल्या व्याजाला त्या काळी सूट होती. (आता ती सोय गेली. 1 एप्रिल 2025 पासून भागीदाराला व्याज, पगार, कमिशन मिळून वर्षात 20,000 रुपयांच्या वर दिलं तर फर्मलाही 10 टक्के कापावे लागतात. फर्म चालवणाऱ्या आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांना हे अजून माहीत नाही.)

कंपनीत मात्र मी भागीदार नाही, संचालक आहे. मी पैसे दिले तर ते कर्ज, आणि कर्ज देणारी मी कंपनीच्या लेखी तिऱ्हाईतच. हे डोक्याला पटायला वेळ लागतो. शेड आपलं, मशीन आपलं, चेकवर सही आपली, आणि तरी पैसा आपला नाही.

जुलै 2022 मध्ये पत्रा वाकवायचं एक वापरलेलं मशीन चांगल्या भावात मिळत होतं. बँकेकडे जायला वेळ नव्हता. माझी मुदत ठेव मोडली आणि 1 जुलैला 8 लाख माझ्या खात्यातून कंपनीच्या खात्यात पाठवले. डिसेंबरात हंगामाच्या ऑर्डरींचे आगाऊ पैसे येऊ लागले, तेव्हा 15 तारखेला कंपनीने मला 3 लाख परत केले. राहिले 5 लाख. व्याजाचा दर 9 टक्के, असं आम्ही घरी चहा पिताना ठरवलं होतं. कागदावर काहीच नव्हतं.

सप्टेंबर 2023 मध्ये वर्षाचे हिशेब पूर्ण करताना आमच्याकडे पार्टटाइम येणाऱ्या अकाउंटंट काकांनी व्याजाची एंट्री टाकली, तारीख 31 मार्च 2023. आकडा त्यांनी बरोबर काढला होता. 1 जुलै ते 14 डिसेंबर हे 167 दिवस 8 लाखांवर, म्हणजे 32,942 रुपये. 15 डिसेंबर ते 31 मार्च हे 107 दिवस 5 लाखांवर, म्हणजे 13,192. एकूण 46,134. हा सगळा आकडा त्यांनी माझ्या कर्जखात्यात जमा करून टाकला, फर्ममध्ये करायचे तसाच.

आमच्या सीए मॅडमनी लेजर उघडलं आणि पेन्सिल त्या ओळीवर ठेवली. "वहिनी, व्याज जमा केलंत, टीडीएस कुठाय?"

मी म्हटलं, "पण पैसे अजून दिलेच नाहीत. नुसती एंट्री आहे."

तिथेच आमचं चुकलं होतं. व्याजावरचा टीडीएस जमा किंवा अदा यातलं जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. खात्यावर जमा केलं की झालं, रोकडा हातात पडायची वाट बघायची नाही. काही जण हुशारी म्हणून ते 'देय व्याज' किंवा 'सस्पेन्स' अशा नावाच्या खात्यात टाकतात, पण कायद्याने तेही जमाच धरलंय. कलम 194ए, दर 10 टक्के, आणि त्या वर्षी मर्यादा होती वर्षाला 5,000 रुपये. 1 एप्रिल 2025 पासून ती 10,000 झाली. व्यक्ती असाल तर उलाढालीची अट लागते, कंपनीला ती नाही. कितीही छोटी कंपनी असली तरी कापायचाच. (1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत. मी जुनेच लिहितेय, कारण साल जुनं आहे.)

मार्चच्या तारखेच्या एंट्रीचा कर 30 एप्रिलपर्यंत भरायला हवा होता. आम्ही ती एंट्रीच मुळात सप्टेंबरात टाकली, म्हणजे एंट्री पडली त्याच दिवशी पाच महिने उशीर झालेला होता. काकांनी मग एंट्री अशी बदलली:

```
व्याज खर्च                नावे   46,134
   देय व्याज (संचालक)      जमा   41,521
   टीडीएस देय             जमा    4,613
```

4,613 रुपये कर लगेच भरला, आणि न कापल्याबद्दल दरमहा 1 टक्का व्याज. मार्च ते सप्टेंबर सात महिने धरले गेले, सव्वातीनशेच्या आसपास रुपये. रक्कम किरकोळ होती. चौथ्या तिमाहीचं 26क्यू विवरणपत्र आम्ही जॉबवर्कच्या टीडीएससाठी वेळेवर भरलं होतं, म्हणून नुसती दुरुस्ती पुरली. ते भरलेलंच नसतं तर रोजचे 200 रुपये विलंब शुल्क लागलं असतं, वरची मर्यादा कराच्या रकमेएवढी. म्हणजे नुसत्या या 4,613 च्या करापुरतं धरलं तरी आणखी 4,613. कंपनीच्या विवरणपत्राची मुदत 31 ऑक्टोबर होती आणि कर त्याआधी भरला गेला, नाहीतर व्याजखर्चाचे 30 टक्के, म्हणजे 13,840 रुपये, नफ्यात परत मिळवले गेले असते.

खरा ताप वेगळाच निघाला. मी माझं स्वतःचं विवरणपत्र जुलैतच भरून मोकळी झाले होते आणि त्यात हे व्याज नव्हतं. कसं असणार, एंट्रीच नव्हती! आता आयकर खात्याकडच्या माझ्या 26एएस उताऱ्यात 46,134 रुपयांचं व्याज दिसायला लागलं, मार्चच्या तारखेचं. मला सुधारित विवरणपत्र भरावं लागलं. तेव्हापासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी स्वतः दिवस मोजून व्याज काढते आणि काकांना पाठवते. एंट्री 31 तारखेलाच पडते.

'देय व्याज' हे खातं मुद्दाम वेगळं ठेवलंय. व्याज मुद्दलाच्या खात्यात टाकलं की पुढच्या वर्षी काकांच्या हातून व्याजावर व्याज निघतं, आणि आमचं ठरलेलं सरळ व्याज आहे. आता ते मी कंपनीला दिलेल्या कर्जाच्या पत्रातही आहे: रक्कम, दर, सरळ व्याज, वर्षअखेरीला जमा. संचालक मंडळाच्या सभेत कर्ज घेण्याचा ठरावही होतो. मंडळ म्हणजे आम्ही दोघं, सभा जेवणाच्या टेबलावर, पण इतिवृत्त लिहिलं जातं.

त्याच पत्रातलं एक वाक्य मला सुरुवातीला निव्वळ सोपस्कार वाटलं होतं: ही रक्कम मी स्वतः कुणाकडून कर्ज किंवा ठेव घेऊन देत नाही. प्रायव्हेट कंपनीने संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून घेतलेला पैसा 'ठेव' धरला जात नाही, तो या लेखी निवेदनाच्या बळावर. 2024 मध्ये यजमानांनी 4 लाख टाकले आणि असंच पत्र सही करून दिलं. मॅडमनी त्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं. त्याच दिवशी सकाळी गोल्ड लोनचे 4 लाख जमा झालेले दिसत होते. माझ्याच पाटल्या! पत्रातलं वाक्य खोटं ठरत होतं, आणि तसं झालं की रक्कम ठेवीत जाते, मग ठेवींचे सगळे नियम मागे लागतात. ते 4 लाख आम्ही परत फिरवले आणि बँकेकडून कॅश क्रेडिट मर्यादा घेतली. मामांनी देऊ केलेले 2 लाखही याच कारणाने नाकारले. कंपनी कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आहेत. मामा नाहीत. मामांना हे समजावताना माझी पुरेवाट झाली.

बँकेची मर्यादा आली तशी माझ्या 5 लाखांची ताळेबंदातली जागाही बदलली. आधी ते मागताक्षणी परत करायचं कर्ज होतं, म्हणून अल्प मुदतीच्या कर्जांत, 'संबंधित व्यक्तींकडून' या ओळीत आणि विनातारण. बँकेने मात्र हमीपत्र लिहून घेतलं, की मर्यादा चालू असेपर्यंत हे पैसे काढायचे नाहीत. मग ते दीर्घ मुदतीत गेले. मॅडम म्हणाल्या, नुसतं 'आम्ही काढणार नाही' असं तोंडी सांगून खातं दीर्घ मुदतीत सरकत नाही, कागद लागतो.

बाकी या कर्जाचे उल्लेख तीन ठिकाणी होतात. हिशेबाच्या टिपणांत संबंधित व्यक्तींच्या व्यवहारांखाली माझं नाव, नातं, सुरुवातीची शिल्लक, घेतले, फेडले, व्याज, अखेरची शिल्लक. संचालकांच्या अहवालात एक परिच्छेद. आणि 31 मार्चच्या शिल्लकीचा डीपीटी-3 फॉर्म, 30 जूनच्या आत. ठेव नाही म्हणून हा फॉर्म नाही, असा आमचा समज होता. ठेव नसलेल्या रकमांची माहितीही त्याच फॉर्मात द्यायची असते.

यजमानांची एक खोड अजून पुरती गेलेली नाही. त्यांच्या खात्यात कंपनीकडे 60,000 जमा होते आणि मुलीच्या फीसाठी त्यांनी 1,45,000 उचलले. खातं 85,000 नावे गेलं. म्हणजे आता कर्ज देणारी कंपनी झाली आणि घेणारा संचालक, आणि मोठा भागधारक असेल तर कंपनीच्या साठलेल्या नफ्यापुरती ती रक्कम आयकरात लाभांश धरली जाऊ शकते. नंतर परत केली तरी सुटका होतेच असं नाही. त्यांचं म्हणणं होतं, "तुझे 5 लाख आहेत ना जमा, त्यातून वळते कर." पण खाती दोन, माणसं दोन. तेव्हापासून त्यांना दरमहा पगार सुरू केला, उचल बंद.

गेल्या वर्षी सासूबाईंनी 2 लाख दिले, चेकने. 20,000 आणि त्यावरचं कर्ज रोखीत घ्यायचं नाही, घेतलं तर तेवढाच दंड होऊ शकतो, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या संचालकाच्या आई, म्हणून यादीत बसतात. व्याज 18,000 होतं, पण वय 72 आणि करपात्र उत्पन्न नाही, म्हणून टीडीएस कापू नये असा 15एच फॉर्म त्यांच्याकडून भरून घेतला. पॅन, पत्ता, सही. चष्मा पुसून सगळं वाचून झाल्यावर म्हणाल्या, "पैसे माझे, कंपनी मुलाची, आणि सह्या एवढ्या कशाला?" यजमान तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त पेन पुढे केलं.