आमची वाटचाल: आधी जुना बूट दाखवा, मग नवा

आमचं दुकान सुरू झालं ते शाळेचे पांढरे कॅनव्हास, क्रिकेटचे स्पाइक आणि बॅडमिंटनचे बूट विकायला. 2004 मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत ‘नुकतंच पळायला लागलोय, कुठला बूट घेऊ?’ असं विचारणारी गिऱ्हाइकं वाढली आणि हळूहळू रनिंगचे बूट हाच आमचा मुख्य धंदा झाला.

त्या काळी सगळीकडे चालायची ती ओल्या पावलाची पद्धत. पाऊल भिजवून खाकी कागदावर उभं राहायचं. मधला भाग पूर्ण उमटला तर पाय सपाट, निम्मा उमटला तर तळव्याची कमान मध्यम, आणि टाच व चवडा यांना जोडणारी बारीक रेघच राहिली तर कमान उंच. सपाट पायाला आतून घट्ट आधार देणारा मोशन कंट्रोल, मध्यमला त्याहून बेताचा आधार देणारा स्टॅबिलिटी, उंच कमानीला असा आधार नसलेला मऊ न्यूट्रल बूट. हिशेब सुटसुटीत होता, पण 2009-10 च्या सुमारास अमेरिकेच्या सैन्यदलांत नव्या भरतीवर तो तपासला गेला. एका गटाला कमान बघून बूट दिले, दुसऱ्याला सरसकट स्टॅबिलिटीचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ठसा असतो स्थिर उभ्या पायाचा. पळताना तेच पाऊल दर टेकीला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार झेलतं आणि वेगळंच वागतं.

कागद आम्ही अजून ठेवतो, पण त्यापुढे एक गोष्ट बघतो. सपाट ठसा आलेल्याला चवड्यांवर उभं राहायला सांगायचं. टाच उचलल्यावर कमान तयार झाली तर पाय लवचिक आहे, त्याला साध्या न्यूट्रल बुटातही बहुधा काही अडत नाही. कमान उमटलीच नाही, त्यात दुखतही असेल, तर आम्ही बूट विकत नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

खरी माहिती मिळते जुन्या बुटातून. म्हणून फोनवरच सांगतो, धुऊन वगैरे आणू नका, आहे तसा आणा. टाचेची बाहेरची कड झिजलेली असेल तर घाबरू नका, बहुतेकांची टाच तिथेच आधी टेकते. बघायचं ते चवड्याखाली. अंगठ्याच्या बाजूचं रबर गुळगुळीत आणि करंगळीकडचं जवळपास नवं असेल, तर पाऊल आत जास्त कलतंय. बाहेरची कड टाचेपासून करंगळीपर्यंत सलग झिजली असेल, तर ते बाहेर राहतंय. मग बूट टेबलावर ठेवून मागून बघायचा. तो एका बाजूला झुकलेला दिसला तर सोलमधला फोम त्या बाजूने दबलाय. एकाच पायाचा बूट जास्त झिजला असेल तर आधी विचारतो, रोज रस्त्याच्या एकाच कडेने पळता का? डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो.

एक उदाहरण घेऊ. वजन 78 किलो, आठवड्याला 15 किलोमीटर, ठसा सपाट. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसते. जुन्या बुटाची झीज टाचेच्या बाहेर आणि चवड्याच्या मध्यभागी. अशा माणसाला मोशन कंट्रोलचा जड बूट कशाला? मध्यम कुशनचा न्यूट्रल, टाच-चवड्याच्या उंचीत 8 ते 10 मिलिमीटर फरक असलेला, पुरे. झीज आतल्या बाजूला असती तर स्टॅबिलिटीचा जोडही घालून बघायला लावला असता.

कुशनबाबत नवख्यांचा गैरसमज ठरलेला: जितकं मऊ तितकं चांगलं. फार मऊ, उंच सोलमध्ये घोटा डगमगतो. दुकानात चार पावलं चालून तो मऊपणा सुखद वाटतो, त्यावर जाऊ नये. दोन वेगळे जोड दोन पायांत घालून बाहेर शंभर मीटर पळावं आणि जो पायात जाणवत नाही तो घ्यावा.

माप मात्र संध्याकाळी, पळण्याचेच मोजे घालून. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ते बोट अंगठ्याशेजारचंही असू शकतं. वरच्या जाळीला अंगठ्यापाशी भोक पडलेलं असेल तर जुना बूट बहुधा तोकडा होता. आपल्याकडे चवडे रुंद असलेले बरेच जण लांबीला एक नंबर वाढवून घेतात, मग टाच आत सरकते आणि मागचं अस्तर फाटतं. त्यांनी त्याच नंबरात रुंद जोड मागावा.

साध्या फोमचा बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतो. वरच्या उदाहरणातल्या माणसाचे महिन्याला 65 किलोमीटर होतात, म्हणजे आठ-नऊ महिन्यांनंतर सोल तपासायचा. रबर शाबूत दिसत असलं तरी फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्या असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर तो कडक लागत असेल, तर काम संपलं. म्हणून विकताना बुटाच्या जिभेच्या आत मार्करने तारीख घालून देतो.