तुम्ही विचारलंत म्हणून: चोरी आधी, प्रश्न नंतर

"मॅडम, रोख रकमेच्या इंटरनल कंट्रोलवर केस स्टडी काढायची असेल तर तुम्ही सुरुवात कुठून करता?"

चोरीपासून. आधी कागदावर मी पैसे कसे जातील ते लिहून काढते, तारखेनिशी, आकड्यांनिशी, आणि मग त्या चोरीला वाट देणाऱ्या तेवढ्याच गोष्टी केसमध्ये ठेवते. उलटं केलं, म्हणजे आधी कमतरतांची यादी आणि मग त्यावर गोष्ट, की केस पोकळ होते आणि मुलं पाठ केलेले मुद्दे उतरवतात.

माझी नेहमीची केस सांगते. प्लंबिंग सामानाचं एक छोटं दुकान, मालक, एक सेल्समन आणि एक अकाउंटंट, बस. उधारीवर माल नेणारे प्लंबर, कॉन्ट्रॅक्टर येऊन रोख देतात. ३ तारखेला गिऱ्हाईक 'अ' १८,००० देतो, अकाउंटंट ते खिशात घालतो. ८ तारखेला 'ब' २५,००० देतो, त्यातले १८,००० 'अ'च्या नावावर जमा आणि उरलेले ७,००० 'ब'च्या नावावर 'ऑन अकाउंट'. १२ तारखेला 'क'चे ३०,००० आले की १८,००० 'ब'ला आणि १२,००० 'क'ला. ह्यालाच आपण वर्गात टीमिंग अँड लेडिंग म्हणतो. गंमत बघा, ८ तारखेला गल्ल्यात २५,००० आणि कॅशबुकातही २५,०००. फरक शून्य! खड्डा गल्ल्यात नसतोच, तो कोणाच्या तरी खात्यावर फिरत असतो.

इथेच मी पहिल्यांदा चुकले होते. मी केसमध्ये 'गल्ल्यात १८,००० कमी सापडले' असं लिहिलं होतं आणि झाडून सगळ्यांनी 'अचानक रोख मोजणी करावी' लिहिलं, तेही बरोबर धरावं लागलं, कारण केसच तशी होती. आता मी मुद्दाम लिहिते की मालक रोज संध्याकाळी स्वतः रोख मोजतात, कॅशबुकाशी जुळवतात आणि सही करतात. हे वाचून कच्चा विद्यार्थी म्हणतो कंट्रोल भक्कम आहे, आणि ज्याला विषय कळलाय तो म्हणतो, मालक फक्त शिल्लक बघतायत, ती कोणाच्या पैशांनी बनली ते नाही.

दुसरं म्हणजे कमतरतेचं नाव केसमध्ये घ्यायचं नाही. 'कामाची विभागणी नाही' असं लिहिलंत तर उत्तर तुम्हीच दिलंत. मी लिहिते: पैसे घेणं, पावती देणं, टॅलीत एन्ट्री, बँकेत भरणा, सगळं एकच माणूस ११ वर्षं करतोय आणि दिवाळीतही एका दिवसापेक्षा जास्त सुट्टी घेत नाही. हे सुट्टीचं वाक्य मुलांना कौतुकाचं वाटतं, पण ही फिरवाफिरवी रोज सांभाळावी लागते, आठ दिवस दुसरा माणूस बसला की उघडी पडते. तसंच 'पावत्यांना छापील क्रमांक नाहीत' ऐवजी 'पावतीपुस्तकं बाजारातून आणतात, प्रत्येक पुस्तक १ पासून सुरू होतं'. मग दोन पुस्तकं एकाच वेळी चालवता येतात, 'अ'ला ३ तारखेची खरी पावती मिळते आणि तिची स्थळप्रत मालकांना कधी दिसतच नाही.

थोडी अवांतर माहिती मी घालतेच, सीसीटीव्ही, रोकड विमा वगैरे, पण दोनच वाक्यं, नाहीतर पेपर वाचायची परीक्षा होऊन बसते. आणि एक अट मात्र नेहमी: नवीन माणूस नेमता येणार नाही. ती नसली की 'इंटरनल ऑडिट विभाग स्थापन करावा' असली उत्तरं येतात, तीन माणसांच्या दुकानात! अट घातली की मुलं खरा विचार करतात. पावती सेल्समन देईल, सलग क्रमांकाची छापील पुस्तकं मालकांच्या कपाटात राहतील, दिवसाची पूर्ण जमा दुसऱ्या दिवशी तशीच बँकेत जाईल, आणि महिन्याला मालक स्वतःच्या फोनवरून गिऱ्हाइकांना खातेउतारा पाठवतील. हा शेवटचा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण 'क' लगेच म्हणेल, अहो मी ३०,००० दिलेत, तुमच्याकडे १२,०००च कसे.

मार्कांचं म्हणाल तर १५ मार्कांत तीनच कमतरता मागते, प्रत्येकी ५. कमतरता शोधायला १, त्यातून पैसे नेमके कसे जातील ते सांगायला २, त्या दुकानाला झेपेल असा उपाय सांगायला २. मधले २ मार्क सोडू नका, पाठांतर तिथेच थांबतं. आणि पेपर मुलांना द्यायच्या आधी सहकाऱ्याला केस वाचायला द्या, नमुना उत्तर न दाखवता. त्याला चौथी कमतरता सापडली आणि केसमधल्या एखाद्या वाक्याचा तिला आधार असला तर ते वाक्य काढा किंवा तिलाही मार्क ठेवा.