दाराच्या चौकटीवरची खूण

"ताई, उंच पोरांना मार्क जास्त पडतात म्हणे. खरंय का हो? मग आमच्या बुटक्याला उंची वाढवायच्या पावडरीचा डबा सुरू करू का?"

सरासरी काढली तर खरं आहे. पण डबा घेऊ नका.

पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या वस्त्यांत आणि आसपासच्या शाळांत मी गेली वीस-बावीस वर्षं मुलांची उंची-वजनं घेते आहे. हा प्रश्न मला दर जूनमध्ये कुणी ना कुणी आई विचारतेच, आणि विचारताना तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे नसतं, पोराच्या डोक्यावर टेकवलेल्या पट्टीकडे असतं. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

आधी हा संबंध कितपत घट्ट आहे ते सांगते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ॲन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी 2008 साली दाखवून दिलं, की मुलं तीन वर्षांची असतानाच, म्हणजे शाळेचं तोंड बघण्याआधीच, उंच मुलं बौद्धिक चाचण्यांत थोडी पुढं असतात. त्यामुळे 'बाई उंच मुलांकडे जास्त लक्ष देतात म्हणून' एवढंच कारण पुरत नाही. मात्र 'थोडी' या शब्दावर माझा जोर आहे. मुलामुलांच्या मार्कांत जो फरक असतो त्याचे शंभर भाग केले, तर उंचीशी जुळणारे भाग एक ते चारच्या आसपास निघतात. हजारो मुलांच्या यादीत ते दिसतात. तुमच्या एका मुलाबद्दल त्यावरून काहीही सांगता येत नाही.

आता गेल्या जूनचंच उदाहरण घेते. दुसरीतला एक मुलगा, वय 7 वर्षं 1 महिना, उंची 114 सेंमी. त्याच वर्गातला दुसरा 126 सेंमी, आणि पहिला नंबर त्याचाच. ठेंगण्या मुलाची आई हेच बघून माझ्याकडे आली होती. मी हजेरीवरच्या जन्मतारखा पाहिल्या. दुसरा मुलगा 7 वर्षं 11 महिन्यांचा निघाला, तब्बल दहा महिन्यांनी मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 7 वर्षं 1 महिन्याच्या मुलाची मधली उंची साधारण 122 सेंमी आहे आणि 7 वर्षं 11 महिन्यांच्या मुलाची साधारण 127. म्हणजे 12 सेंमीच्या फरकातले 5 सेंमी निव्वळ वयाचे. वाचन आणि गणितातसुद्धा या वयात दहा महिने म्हणजे फार मोठा काळ असतो. एका वर्गातली उंच मुलं हुशार वाटतात त्यातला बराच भाग 'मोठी मुलं मोठी असतात' एवढाच असतो. वय न बघता वर्गात उंचीची रांग लावणं मला म्हणूनच मुळीच आवडत नाही.

राहिले 7 सेंमी. याच तक्त्याप्रमाणे या वयाचा मुलगा 111-112 सेंमीच्या खाली असेल तर त्याची वाढ खुंटली असं धरतात. हा त्याच्या वर आहे. मग मी आईबापांची उंची घेतली. आई 149, वडील 162. मुलगा असेल तर दोघांच्या उंचीच्या बेरजेत 13 मिळवायचे आणि दोनाने भागायचं. 149 अधिक 162 अधिक 13, म्हणजे 324. त्याचे निम्मे 162. मोठेपणी त्याची उंची अंदाजे एवढी होईल, आठ-नऊ सेंमी इकडेतिकडे. तक्त्यावर 162 सेंमीचा पुरुष जवळजवळ खालच्या रेषेवर येतो. मुलगा आज त्या रेषेच्या थोडा वरच आहे. घराच्या मानाने पोरगं पुढं गेलेलं आहे, हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे आमच्यात रक्तातच उंची नाही," ती म्हणाली. इथे मी तिला थांबवलं, कारण ही गोष्ट अर्धीच खरी आहे. तिची आई माण तालुक्यातली, 1970 चा जन्म. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. खडी फोडायला जाणाऱ्या आईच्या पाठीवर, मिलो ज्वारीच्या भाकरीवर आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर वाढलेली. अशी मुलगी बुटकी राहते. मोठी होऊन तिला मूल होतं तेव्हा गर्भाला जागा आणि पोषण दोन्ही कमी मिळतं, बाळ कमी वजनाचं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपण ज्याला 'घराण्याची उंची' म्हणतो तिच्यात आजीची उपासमारसुद्धा मिसळलेली असते. आणि ज्या घरात आजीला पोटभर मिळालं नाही, त्या घरात तिला शाळाही सहसा मिळालेली नसते. उंची आणि मार्क एकत्र चालताना दिसतात ते बरंचसं या वाटेने.

आता पोषण नेमकं कुठे काम करतं ते बघू. बाळ पहिल्या वर्षात साधारण 25 सेंमी वाढतं आणि दुसऱ्यात 12 च्या आसपास. पुढे चार वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला 5-6 सेंमीच. मेंदूचीही सर्वांत मोठी वाढ याच पहिल्या दोन वर्षांत होते. नेमका तेव्हाच आपल्याकडे घोळ होतो. सहाव्या महिन्यानंतर आईचं दूध पुरत नाही आणि वरचं म्हणून आपण डाळीवरचं पाणी आणि भाताची पेज देतो. पोट भरतं, पण बाळाच्या हाती फारसं काही लागत नाही. त्यातच बाळ रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, जुलाब होतात, दोन दिवस खात नाही, बरं होतं न होतं तोच पुन्हा जुलाब. शरीर अशा वेळी पहिली काटकसर हाडांच्या वाढीत करतं. जोडीला लोह कमी पडलं की मूल मलूल होतं. हाक मारली तर बघतं, पण खेळायला उठत नाही. उंचीही मागे पडते आणि शिकणंही. एक दुसऱ्याचं कारण नव्हे, दोन्हींचं मूळ एकच. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली.

मग आता खायला घातलं तर मार्क वाढतील का? याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर जमैकातून आलं आहे. 1986-87 साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली 9 ते 24 महिन्यांची, वाढ खुंटलेली 129 मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाच्या पावडरीसारखा एक किलो आहार. दुसऱ्याला आहार नाही, पण आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी जायची आणि आईला बाळाशी खेळायला शिकवायची. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी, चित्रं दाखवून नावं सांगणं, बाळाच्या बडबडीला उत्तर देणं. तिसऱ्या गटाला दोन्ही, चौथ्याला यातलं काही नाही. असं दोन वर्षं चाललं.

आहार मिळालेल्या मुलांची उंची सुरुवातीला थोडी सुधारली आणि दोन वर्षांच्या शेवटी ती शिकण्यातही पुढं होती. खेळ मिळालेल्यांच्या उंचीत काहीच फरक पडला नाही, पण शिकण्यात तीही पुढं होती, आणि ज्यांना दोन्ही मिळालं ती सर्वांत पुढं. खरी गोष्ट पुढची आहे. ही मुलं सतरा-अठरा वर्षांची झाली तेव्हा नुसत्या आहाराचा फायदा चाचण्यांत उरलेला नव्हता. खेळाचा मात्र बुद्धीत आणि वाचनात दोन्हीकडे टिकून होता. बाविसाव्या वर्षी खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त होती. उंची तेवढीच राहिली आणि डोकं चाललं.

यावरून 'आहाराला अर्थ नाही' असं कुणी म्हणेल तर मी भांडेन. जमैकातली मुलं आधीच खुंटलेली होती, आहार त्यांच्यापर्यंत उशिरा पोचला. ग्वाटेमालात 1969 ते 1977 या काळात चार गावांपैकी दोन गावांत मुलांना प्रथिनांची पेज दिली आणि दोन गावांत नुसतं गोड पेय. ज्यांना पेज अगदी पहिल्या दोन-तीन वर्षांत मिळाली, ती मोठेपणी वाचनात पुढं निघाली. वेळेवर पोचलेला आहार उपयोगी पडतो. सातव्या वर्षी डब्यातून आलेला तेवढा पडत नाही.

म्हणून त्या आईला मी सांगितलं, की डब्याचे पैसे अंडी, दूध, शेंगदाणे-गूळ आणि पालेभाजीवर घाल. रक्त एकदा तपासून घे. उंची सहा महिन्यांनी घरीच मोज: सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर आडवं पुस्तक, दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण आणि शेजारी तारीख. सकाळ-संध्याकाळच्या उंचीतच एखाद सेंमीचा फरक पडतो, म्हणून वेळ बदलू नकोस. वर्षाला 4 सेंमीपेक्षा कमी वाढला तर डॉक्टरांना दाखव, एरवी पट्टी कपाटात ठेव. आणि रात्री दहा मिनिटं त्याच्याकडून वाचून घे. "मला वाचता येत नाही," ती म्हणाली. मग त्याने वाचायचं आणि तू विचारायचं, पुढं काय झालं म्हणून.

डिसेंबरात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा दुसरी खूण पहिलीच्या 3 सेंमी वर होती. पण मी थांबले ते त्याच्या बहिणीसाठी. ती दहा महिन्यांची, कडेवर बसून वाटीत हात घालत होती. वाटीत वरणाचं पाणी होतं. मी आईला म्हटलं, डाळ खालून घे, भात कुस्कर, थोडं तेल घाल आणि चमचा तिरका करून बघ. पहिल्या वेळी ओघळलं. तिने आणखी भात कुस्करला. दुसऱ्या वेळी चमच्यात होतं तसं राहिलं, आणि दादाने बहिणीला विचारलं, "हे काय आहे, सांग? वरण. म्हण, व-र-ण."